हप्ता ठरलाय, मुदत काढायची आहे: घातांकात अडकलेला n कसा सोडवायचा?

कोराकागद
कर्जाची शिल्लक १२,००,०००, व्याजदर वार्षिक ९ टक्के, व्याज दर महिन्याला शिल्लक रकमेवर. महिन्याला १५,००० भरता येतील हे माझं पक्कं आहे. किती महिन्यांत कर्ज फिटेल, एवढंच हवंय. पण जिथे बघावं तिथे मुदत आधी विचारतात आणि हप्ता सांगतात. माझा प्रश्न नेमका उलटा आहे.

हप्त्याचं सूत्र घेऊन उलटं सोडवायला बसलो, तर n जाऊन घातांकात बसतो आणि पुढे सरकता येत नाही. लॉग घ्यायचा एवढं शाळेतलं आठवतंय, पण कशाचा घ्यायचा आणि का, ते कळत नाही. नुसतं सूत्र नको, समजून हवंय.

जुनी वही
लॉगपर्यंत जायची गरज नाही. मी वर्षानुवर्षं असंच काढत आलोय. कर्ज १२ लाखांवरून शून्यावर येतं, म्हणजे सरासरी शिल्लक ६ लाख. त्यावर महिन्याचं पाऊण टक्का व्याज ४,५००. हप्त्यातून ते वजा केलं की १०,५०० मुद्दलात जातात. १२ लाख भागिले १०,५००, म्हणजे ११४ महिने. कागद-पेन्सिल पुरे.

उलटमोजणी
जुनी वही, अंदाज म्हणून हे चांगलं आहे, पण उत्तर कमी येतंय. खरं उत्तर १२३ हप्त्यांचं आहे. शिल्लक सरळ रेषेत उतरत नाही, गडबड तिथे आहे. सुरुवातीला ती हळू उतरते, शेवटी भराभर. या कर्जात ६१ हप्ते भरून झाल्यावर, म्हणजे जवळपास निम्म्या वाटेवर, शिल्लक ७,३८,००० च्या आसपास असते, ६ लाख नव्हे. म्हणून सरासरी शिल्लक निम्म्याहून जास्त राहते आणि व्याजही तुम्ही धरलंय त्याहून जास्त लागतं. मुदत जितकी लांब तितकी ही तफावत वाढते. चार-पाच वर्षांच्या कर्जाला तुमची रीत बऱ्यापैकी जवळ नेते, दहा वर्षांना नऊ हप्ते चुकतात.

कोराकागद, आता तुमचं. सूत्र थोडा वेळ बाजूला ठेवा आणि पहिल्या हप्त्याकडे बघा. १२ लाखांवर महिन्याचं व्याज ९,०००. हप्ता १५,०००. म्हणजे मुद्दलात गेले ६,०००.

दुसऱ्या महिन्यात शिल्लक ६,००० ने कमी, म्हणून व्याज ४५ ने कमी. हप्ता तोच आहे, मग मुद्दलात गेले ६,०४५. हे ४५ म्हणजे ६,००० चे पाऊण टक्का. तिसऱ्या महिन्यातही तसंच होतं. प्रत्येक हप्त्यातला मुद्दलाचा भाग आधीच्या महिन्यातल्या भागाच्या १.००७५ पट असतो. शिल्लक कशीही वाकडी उतरो, हा एक आकडा मात्र शुद्ध चक्रवाढीने चढत जातो.

आता कर्ज संपलं हे ओळखायचं कसं? शिल्लक शून्य झाली की व्याज शून्य, म्हणजे त्यापुढचा हप्ता भरलाच असता तर अख्खा १५,००० मुद्दलात गेला असता. मग प्रश्न एवढाच उरला: ६,००० ला १.००७५ ने किती वेळा गुणलं की १५,००० होतात? १५,००० भागिले ६,००० म्हणजे २.५. तेव्हा

```
1.0075^n = 2.5
n = ln(2.5) / ln(1.0075)
n = 0.916291 / 0.007472 = 122.63
```

लॉग इथे येतो तो "किती वेळा गुणलं" हे मोजायला. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की घातांक खाली उतरून नुसता गुणक होतो आणि n मोकळा होतो. पुस्तकात वजा चिन्हाचं सूत्र असतं तेही हेच आहे. हप्ता भागिले पहिल्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग, त्याचा लॉग, भागिले (१ + मासिक दर) चा लॉग.

कोराकागद
हे असं कुणी सांगितलंच नव्हतं! मुद्दलाचा भाग चक्रवाढीने चढतो हे पासबुकात महिनोन्महिने समोर होतं, लक्षात आलं नाही.

पण आता दोन अडचणी. मी घरातलं जुनं लॉगटेबल काढून हाताने केलं. २.५ चा लॉग ०.३९७९, १.००७५ चा ०.००३२. भागाकार १२४.३ आला. तुमचा १२२.६३. दहाच्या पायाचा लॉग घेतला म्हणून फरक पडला का? आणि दुसरं, ०.६३ हप्ता म्हणजे काय भरायचं?

उलटमोजणी
पायाचा काही संबंध नाही. दहाचा घ्या, e चा घ्या, उत्तर तेच येतं, फक्त वर आणि खाली एकच पाया हवा. वर ln आणि खाली log दाबलं तर २८२ येतील. उत्तर असं सव्वादोन-अडीच पट फुगलेलं दिसलं की आधी हेच तपासायचं.

तुमचा फरक पडला तो चार अंकी कोष्टकामुळे. १.००७५ चा लॉग खरा ०.००३२४५ आहे. कोष्टकाने ०.००३२ दिला, म्हणजे हातात फक्त दोनच सार्थ अंक उरले. त्याने भागल्यावर उत्तरात दीड टक्का चूक येणारच. वरचा लॉग कितीही अचूक घेतलात तरी ती भरून निघत नाही. मासिक दर लहान असतो म्हणून छेदातला लॉग नेहमी शून्याच्या जवळ असतो, तिथे किमान सहा दशांश ठेवा. कॅल्क्युलेटरवर छेद वेगळा काढून गोल करून लिहू नका, एकाच ओळीत पुरा भागाकार करा.

०.६३ बद्दल: १२२ पूर्ण हप्ते आणि एक छोटा हप्ता. छोटा किती, ते थेट शिल्लकेवरून काढावं. १२२ हप्त्यांनंतर शिल्लक ९,३८८ च्या आसपास उरते, त्यावर एका महिन्याचं व्याज चढून शेवटचा हप्ता ९,४५८ होतो. ०.६३ ला १५,००० ने गुणून ९,४५० येतात, म्हणजे जवळ, पण तेच नव्हे. अपूर्णांक हा घातांकातला आहे, हप्त्याचा सरळ हिस्सा नाही. तो "१९ दिवस" आहे असंही समजू नका, कारण हप्ता महिन्याच्या शेवटीच पडतो.

हिशोबनीस
यात ७२ चा नियम का नाही वापरत? ७२ भागिले ९ म्हणजे ८ वर्षं. रक्कम ८ वर्षांत दुप्पट होते. कर्जाला तोच हिशोब.

उलटमोजणी
हिशोबनीस, तो नियम एकदाच ठेवलेली रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते सांगतो. इथे दरमहा हप्ता जातोय, प्रश्न वेगळा आहे.

तरी तुमच्या प्रतिसादामुळे एक चांगली गोष्ट सापडते. कोराकागद यांनी १५,००० ऐवजी १८,००० भरले तर? व्याज ९,०००, मुद्दलात ९,०००. गुणोत्तर बरोबर २. म्हणजे ९,००० दुप्पट व्हायला जितका काळ, तितक्यात कर्ज खलास. थोडक्यात, हप्ता पहिल्या महिन्याच्या व्याजाच्या दुप्पट असेल तर कर्ज फिटायला लागणारा काळ आणि त्याच दराने पैसे दुप्पट व्हायचा काळ एकच. ७२ चा नियम ९६ महिने सांगेल. लॉगने ९२.७७ येतात, म्हणजे ९३ हप्ते. फरक आहे कारण तो नियम वर्षाला एकदा व्याज जोडलं जातं असं धरून बसवलेला आहे, आणि इथे ते दर महिन्याला लागतं.

हप्ता ३,००० ने वाढवला आणि १२३ चे ९३ झाले, हेही बघून ठेवा.

आठवा मजला
मला या धाग्याची नेमकी गरज होती. शिल्लक २०,००,०००. दर वाढत वाढत १०.५ टक्क्यांवर गेलाय. हप्ता आधीपासून १७,००० चालू आहे, तो कुणी बदलला नाही. मी शीटमध्ये असं टाकलं:

```
=NPER(0.105/12, -17000, 2000000)
```

आणि उत्तर `#NUM!` येतंय. चिन्ह चुकलं असेल म्हणून वजा काढून टाकलं, तर उणे आकडा येतो. सूत्रच बिघडलंय की माझं काही चुकतंय?

उलटमोजणी
सूत्र ठीक आहे आणि पहिल्या वेळची तुमची चिन्हंही बरोबर होती. मिळालेली रक्कम अधिक, भरायची रक्कम वजा. दोन्ही अधिक ठेवली की शीट समजते की २० लाखही तुम्हाला मिळाले आणि महिन्याचे १७,००० ही मिळतायत. मग असे महिने भूतकाळातच सापडतात, म्हणून उणे. तो आकडा अर्थहीन आहे, त्याचं चिन्ह बदलून वापरू नका.

`#NUM!` मात्र खरी बातमी देतंय. २० लाखांवर १०.५ टक्क्याने महिन्याचं व्याज १७,५००. हप्ता १७,०००. मुद्दलात जातात उणे ५००. म्हणजे कर्ज उतरत नाही, चढतंय. पहिल्या महिन्यात ५०० ने आणि मग हे ५०० सुद्धा दरमहा चक्रवाढीने वाढणार. उणे संख्येला कितीही वेळा १.००८७५ ने गुणा, ती १७,००० कधीच होणार नाही. ऋण संख्येचा लॉग नाही असं गणित सांगतं त्याचा इथला अर्थ एवढाच की हे कर्ज या हप्त्याने फिटणारच नाही.

आठवा मजला
म्हणजे गेले काही महिने मी भरतोय आणि शिल्लक वाढतेय? स्टेटमेंट उघडून बघितलं. खरंच वाढतेय. मुदत आपोआप लांबते एवढंच मला सांगितलं होतं. मग १७,६०० केला तर?

उलटमोजणी
१७,६०० ला मुद्दलात फक्त १०० जातील. १७,६०० भागिले १०० म्हणजे १७६ पट. १७६ चा ln ५.१७०५, छेद ०.००८७११९, उत्तर ५९३.५. साडेएकोणपन्नास वर्षं. गणित "हो, फिटेल" म्हणतं, पण त्याला काही अर्थ नाही.

या काठावर थोडीशी रक्कमही फार मोठा फरक पाडते. २०,००० करा: मुद्दलात २,५००, गुणोत्तर ८, उत्तर २३८.७, म्हणजे २३९ हप्ते. २२,५०० करा: मुद्दलात ५,०००, गुणोत्तर ४.५, उत्तर १७२.६, म्हणजे १७३. शेवटच्या या अडीच हजारांनी ६६ हप्ते कमी होतात. हप्ता आठवा हिस्सा वाढला, पण मुद्दलात जाणारा भाग दुप्पट झाला ना, म्हणून. तुम्ही कर्ज देणाऱ्यांकडे जाल तेव्हा "मुदत किती" हे विचारण्याआधी "माझ्या हप्त्यातले किती मुद्दलात जातात" हे विचारा.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. हे सगळं दर पुढे तोच राहील असं धरून आहे. दर बदलला की त्या दिवसाची शिल्लक घेऊन नव्याने काढायचं. जुना n त्यानंतर निरुपयोगी.

जुनी वही
मी दिलेली सरासरीची रीत आठवा मजला यांच्या आकड्यांवर करून बघितली. सरासरी शिल्लक १० लाख, व्याज ८,७५०, मुद्दलात ८,२५०, उत्तर २४२ महिने. म्हणजे माझी रीत म्हणते कर्ज फिटतं, आणि ते कधीच फिटत नाही. हे पाहून मात्र मी लॉगवर आलो. छोट्या कर्जाला तोंडी अंदाज म्हणून ती रीत ठेवीन.

सांजवेळ
कर्जाचं कळलं. मला बचतीचं हवंय. महिन्याला ८,००० टाकते, महिन्याच्या शेवटी. व्याज महिन्याला अर्धा टक्का धरा. १०,००,००० व्हायला किती महिने? इथे तर मुद्दल कमी होत नाही, मग ती पहिल्या हप्त्याची युक्ती कशी लावायची?

उलटमोजणी
सांजवेळ, लागते. इथे "या महिन्यात खात्यात एकूण किती भर पडली" ते बघा. पहिल्या महिन्यात ८,०००. दुसऱ्यात ८,००० आणि आधीच्या ८,००० चं व्याज ४०, म्हणजे ८,०४०. ही भर दरमहा १.००५ पट होत जाते. खात्यात १० लाख झाल्यावर पुढच्या महिन्याची भर किती असेल? ८,००० तुमचे आणि १० लाखांचं व्याज ५,०००, एकूण १३,०००. म्हणजे ८,००० चे १३,००० व्हायला किती महिने? गुणोत्तर १.६२५.

```
n = ln(1.625) / ln(1.005)
n = 0.485508 / 0.0049875 = 97.34
```

तेव्हा ९८ महिने. आधीच २ लाख जमा असतील तर सुरुवातीची भर ९,००० धरा, कारण त्या २ लाखांचं व्याज पहिल्याच महिन्यापासून येतं. १३,००० भागिले ९,०००, आणि उत्तर ७३.७, म्हणजे ७४ महिने.

रकाना
९८ महिने बरोबर, पण ९८ हप्ते लागत नाहीत. मी महिनावार तक्ता मांडून बघितला. ९७ हप्ते भरल्यावर खात्यात ९,९५,५४१ होतात, ४,४५९ कमी. पुढच्या महिन्याचं नुसतं व्याजच ४,९७८ आहे. म्हणजे ९८ व्या महिन्याच्या शेवटी ८,००० न भरताच १०,००,५१९ होतात. उत्तर वर गोल करून गप्प बसलं तर हे दिसतच नाही.

उलटमोजणी
रकाना, फार छान पकडलंत. बचतीत शेवटच्या अपूर्ण महिन्यात व्याजही आपल्या बाजूने काम करतं, म्हणून n वर गोल केल्यावर "आता कमी किती पडतात आणि या महिन्याचं व्याज किती" हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. सांजवेळ, महिन्याच्या शेवटी न टाकता सुरुवातीला टाकलेत तर पहिल्या भरीतच व्याज धरायचं, ८,०४०, आणि शेवटची भर तशीच १३,०४०. मग n ९६.९६ येतो आणि ९७ महिन्यांत काम होतं. तिथेही शेवटी तेच १०,००,५१९ जमतील. एका महिन्याचा फरक लहान वाटेल, पण शीटमध्ये NPER चा शेवटचा पर्याय रिकामा सोडला तर ती महिनाअखेर धरते, हे माहीत असावं.

सांजवेळ
मी सुरुवातीलाच टाकते खरं तर. पण माझ्या ठेवीत व्याज तीन महिन्यांनी जमा होतं. मग मासिक दर काय धरू? वार्षिक ६ ला १२ ने भागून अर्धा टक्का, की आणखी काही?

उलटमोजणी
तीन महिन्यांचा दर १.५ टक्के. त्याच्याशी जुळणारा मासिक दर म्हणजे १.०१५ चं घनमूळ वजा १, साधारण ०.४९७५ टक्के. सरळ अर्धा टक्का धरला तर दर किंचित जास्त धरला जातो आणि n किंचित कमी येतो.

रकाना
पण घनमूळ घेणं म्हणजे तिमाहीच्या आतही चक्रवाढ चालू आहे असं मानणं झालं. पुष्कळ ठिकाणी तिमाहीच्या आत साधं व्याज देतात. पहिल्या महिन्याच्या हप्त्याला तीन महिन्यांचं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. मग घनमूळही बरोबर नाही.

उलटमोजणी
तसं असेल तर तीन हप्त्यांचं एक गाठोडं करा. तीन हप्ते ८,००० चे आणि त्यांवरचं साधं व्याज, अर्धा टक्का गुणिले ३ + २ + १, म्हणजे २४०. तिमाहीच्या शेवटी २४,२४०. हा एक हप्ता, दर १.५ टक्के, आणि n तिमाहीत. लॉग तसाच चालतो. अडचण अशी की उत्तर पूर्ण तिमाहीतच वाचावं लागतं, मधल्या महिन्यात किती जमलंय ते हे सूत्र सांगत नाही.

रकाना
आणि तिमाहीच्या मधेच लक्ष्य गाठलं तर ते व्याज त्या दिवशी मोजायचं की तिमाही संपल्यावर? माझ्या मते जमा झाल्याशिवाय मोजू नये.

उलटमोजणी
मी मोजतो, कारण मोडताना तोपर्यंतचं व्याज धरून देतात. पण ते प्रत्येक ठेवीच्या अटींवर आहे. सांजवेळ, तुमच्या ठेवीच्या कागदावर मधे मोडल्यास व्याज कसं धरतात ते वाचून इथे टाकाल का? त्याशिवाय शेवटचा महिना पक्का सांगता येणार नाही.

कोराकागद
तोवर मी माझा तक्ता १२३ ओळींचा मांडला. शेवटची ओळ ९,४५८ वरच आली. आता १६,५०० चा हप्ता झेपतो का ते बघतोय. मुद्दलात ७,५००, गुणोत्तर २.२, लॉगने १०५.५. म्हणजे १०६ हप्ते. कुणी ताडून बघेल का?

जुनी वही
बघितलं, १०५.५२. बरोबर आहे.